मुलगी खात नाही, काटा हलत नाही. काळजी नेमकी कधी करायची?

रानजाई | २ जून, रात्री ११:४०

लेकीला तिसरं संपून एक महिना झालाय. प्लेग्रुपला घालताना तपासणी झाली आणि घरी कागद आला. वजन ११.५ किलो, उंची ८७, पुढे लाल पेनाने 'कमी वजन'. तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे.

खाण्याचं म्हणाल तर वरणभात, तूप-साखर-पोळी, केळं, मारी बिस्किट, दही. एवढंच. भाजीचा हिरवा कण दिसला तरी ताट ढकलते. एका जेवणाला सव्वा तास लागतो, तोही मोबाइल समोर असेल तर. सासूबाई वाटी घेऊन गॅलरीपर्यंत मागे फिरतात. दूध मात्र छान पिते, दिवसातून चार वेळा.

दर रविवारी वजन करतो. गेले तीन रविवार ११.५, ११.४, ११.५. शेजारच्या मुलीचं वय तेवढंच, ती १५ किलोची आहे. झोप उडाली आहे. काय खायला घालू म्हणजे वजन वाढेल? नाचणी, शतावरी, ड्रायफ्रूट पावडर, सगळं करून झालं.

---

प्रोटीनपंत | ३ जून, सकाळी ७:१०

चांगल्या कंपनीची प्रोटीन पावडर सुरू करा, दुधातून दोन चमचे. माझ्या भाच्याचं महिन्यात किलोभर वाढलं. उगाच वाट बघत बसू नका.

---

अप्पा_वाईकर | ३ जून, सकाळी ८:२५

रानजाई, तुम्ही दोघं किती उंच, किती जाड? आमच्या घराण्यात सगळे काडी पैलवान. मी लग्नात ४८ किलोचा होतो. आज ७४ वर्षांचा आहे, रोज सोनजाईचा डोंगर चढतो. आईबाप बारीक तर पोरगी बारीक. शेळीच्या पोटी हत्ती जन्माला येत नाही. आणि ते तक्ते गोऱ्या पोरांवरून बनवलेले, आपल्या पोरांना कशाला लावायचे? कागद फाडा आणि निवांत झोपा.

---

सुहास_७९ | ३ जून, सकाळी ९:०२

आमच्याकडे देवाच्या दयेने हा त्रास नाही. चिरंजीव साडेपाच वर्षांचे, १९.५ किलो, गुटगुटीत, पानात पडेल ते खातात. लहानपणापासून सगळ्याची सवय लावली की असं होतं. कपड्यांचाही खर्च नाही :) मागच्या जूनमध्ये युनिफॉर्मची पँट घेताना बायकोने पायाला चांगली चार बोटं दुमड घातली होती, यंदा शाळा सुरू होतेय तरी ती उसवायची वेळ आली नाही. रानजाई, थोडी शिस्त लावून बघा.

---

मंगलमावशी | ३ जून, दुपारी २:१५

रानजाई, मी एकात्मिक बालविकासमध्ये मुख्यसेविका होते, पेठ आणि सुरगाणा भागात. एकतीस वर्षं पोरांची वजनं घेण्यात गेली, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे ११.५ या आकड्यावरून मला काहीही कळत नाही. तीन वर्षांच्या मुलीसाठी तक्त्याची मधली रेषा साधारण १४ किलोवर आहे, सगळ्यात खालची ११ वर. म्हणजे तुझी लेक खालच्या रेषेच्या वर आहे, पण फार वर नाही. ती तिथेच आधीपासून आहे, की वरून घसरत आलीय, हे काटा सांगत नाही. त्यासाठी मागचे ठिपके लागतात. लसीकरणाचं कार्ड काढ. जन्माचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं, दीड आणि दोन वर्षांचं वजन इथे लिही. उंची कुठे नोंदली असेल तर तीही.

दुसरं, रविवारचं वजन बंद कर. या वयात वर्षाला दोन किलो वाढतात, म्हणजे आठवड्याला चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. घरचा काटा शंभर ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, आणि पोरीने शी केली की नाही यानेच दोनशे ग्रॅमचा फरक पडतो. तुम्ही तीन रविवार पोरीचं नाही, तिच्या पोटातल्या पाण्याचं वजन करताय.

तिसरं, उंची ८७ कोणी घेतली? कशावर?

सुहास, तुमच्याशी वेगळं बोलायचंय. ती दुमड उसवली नाही म्हणजे काय? वर्षात पोराची पँट आखूड झाली नाही? त्याची मागच्या दोन-तीन वर्षांची उंची आहे का कुठे?

---

सुहास_७९ | ३ जून, दुपारी ३:४०

मावशी, धागा वजनाचा आहे ना? आमचं वजन उत्तम आहे :) उंची काय, वाढेल हळूहळू.

---

टिंब | ३ जून, दुपारी ३:५५

आमच्याकडे वाटी घेऊन पळणारे आजोबा होते. पोरगं तसंच राहिलं, आजोबांचं चार किलो उतरलं.

---

रानजाई | ३ जून, रात्री १०:३०

मावशी, कार्ड सापडलं.

जन्म २.६. सहा महिने ६.१. वर्ष ७.४. दीड वर्ष ८.४. दोन वर्ष ९.५ आणि उंची ८३. आता ११.५.

पण एक बघून पोटात गोळाच आला. दोन वर्षांची असताना ८३.० लिहिलंय आणि पुढच्याच महिन्यात सर्दीसाठी गेलो तेव्हा ८२.८. उंची कमी कशी होईल? आणि त्यानंतर वर्षभरात फक्त ८७?

शाळेत उंची भिंतीवर चिकटवलेल्या जिराफाच्या चित्रावर घेतली होती. मी बाहेर होते, काचेतून दिसत होतं. ही रडत होती, पाय वाकवून उभी होती.

आम्ही दोघं: मी १५२, नवरा १६५.

---

ओपीडीनंतर | ४ जून, रात्री १२:२०

बालरोगतज्ज्ञ आहे. इथे तपासणी होत नसते, पण हे ठिपके फारच बोलके आहेत म्हणून लिहितो.

आधी उंची 'कमी' झाल्याचं. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून. तेच मूल उभं राहिलं की सुमारे ०.७ सेंमी कमी भरतं. ८३.० आडवी होती, ८२.८ उभी. मुलगी वाढलीच आहे, फक्त मोजण्याची पद्धत बदलली. तक्त्यातही दोन वर्षांच्या रेघेवर त्याच कारणाने छोटी पायरी असते.

जिराफावरच्या ८७ वर विश्वास ठेवू नका. नीट मोजा, मग बोलू.

आता वजन. तुम्ही दिलेले सहाही ठिपके मी मुलींच्या तक्त्यावर टाकले. सगळे तिसऱ्या आणि पंधराव्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात पडतात. तिसरी रेषा म्हणजे शंभरातल्या तीन मुली जिच्या खाली असतात ती. जन्मापासून तीन वर्षं मुलगी एकच पट्टा धरून चालली आहे. शंभर मुली वजनाने ओळीत उभ्या केल्या तर तिच्या मागे पाच-दहा असतील. कोणीतरी त्या जागी असणारच, तिथे उभं असणं हा आजार नाही. आजार असतो तेव्हा मूल ओळीत मागे मागे सरकत जातं.

गेल्या तेरा महिन्यांत २ किलो वाढ आहे. या वयाला हेच अपेक्षित असतं. पहिल्या वर्षी मूल जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं, तुमची २.६ वरून ७.४ झाली, आणि घरच्यांना वाटतं तोच वेग राहील. पण वर्षानंतर वाढीला ब्रेक लागतो आणि त्याबरोबर भूकही उतरते. तेव्हाच मुलाला 'नाही' म्हणता यायला लागतं. 'पूर्वी सगळं खायची, आता तोंडच उघडत नाही' हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो, आणि ते बहुतेक वेळा दीड ते तीन वर्षांच्या मुलांबद्दलच असतं.

अप्पा, तुमचं अर्धं बरोबर आहे. आई १५२, बाबा १६५ असतील तर मुलीची मोठेपणीची उंची १५२ च्या आसपास अपेक्षित. म्हणजे लेक खालच्या पट्ट्यात असणं घराण्याला धरूनच आहे. पण आनुवंशिकता मुलाला खालच्या रेषेवर *ठेवते*. वरच्या रेषेवर चाललेलं मूल तिसऱ्या वर्षी खाली घसरायला लागलं तर 'आमच्यात सगळे बारीक' म्हणून सोडून देता येत नाही. पहिल्या दीड-दोन वर्षांत मुलं एखादी रेषा ओलांडून आपापल्या घराण्याच्या पट्ट्यात येऊन बसतात, ते चालतं. त्यानंतरची घसरण मी गंभीरपणे घेतो.

आणि तक्ते गोऱ्यांचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून केले, त्यात दक्षिण दिल्लीतली मुलंही होती. नीट स्तनपान मिळालेली, बऱ्या घरची मुलं निवडली होती. पाच वर्षांपर्यंत सहाही देशांतल्या मुलांची उंची आश्चर्य वाटावं इतकी सारखी निघाली.

---

अप्पा_वाईकर | ४ जून, सकाळी ६:५०

दिल्लीची पोरं होती हे माहीत नव्हतं. मान्य. पण पंजाबी खाणं आणि आपलं खाणं यात फरक आहेच. डोंगर चढून आल्यावर सविस्तर लिहितो.

---

लीड्सची_लेक | ४ जून, दुपारी १:३०

इथे इंग्लंडमध्ये बाळाबरोबर लाल पुस्तक देतात, त्यातल्या रेषा वेगळ्या आहेत: ०.४, २, ९, २५, ५० अशा. माझ्या आईने पुण्याहून आणलेल्या तक्त्यावर मुलगा 'तिसरीच्या खाली' होता आणि इथल्या पुस्तकात 'दुसरीच्या वर'. दोन्हीकडे ठिपका तोच! आम्ही महिनाभर उगाच भांडलो. 'दोन रेषा ओलांडल्या' असं कोणी म्हणालं तर कुठल्या तक्त्याच्या दोन रेषा ते आधी विचारा. आणि बाळ लवकर जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत ते आठवडे वयातून वजा करायचे असतात, हे मला चार महिन्यांनी कळलं.

---

मंगलमावशी | ४ जून, दुपारी ४:०५

रानजाई, उंची घरी अशी घे. सपाट फरशी, खाली पट्टी नसलेली भिंत. वेणी-क्लिप सोड, चपला-मोजे काढ. टाचा, ढुंगण, खांदे भिंतीला. दोन मोठी माणसं लागतात: एकाने गुडघे आणि घोटे धरायचे, दुसऱ्याने हनुवटी धरून नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं खोकं भिंतीला काटकोनात टेकवून खाली आण, खालच्या कडेशी पेन्सिलची खूण, मग पोरीला सोड आणि स्टीलच्या टेपने मोज. कापडी टेप नको, ताणली जाते. दोनदा मोज. दोन्हीत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आणि हे दर महिन्याला करू नका. पोर महिन्याला अर्धा सेंटिमीटर वाढतं आणि घरी मोजताना चूकही तेवढीच होते. तीन महिन्यांच्या आत मोजलेल्या उंचीने मन:शांती जाते, माहिती काही मिळत नाही. खरा अंदाज सहा महिन्यांनी येतो.

अंगणवाडीत दंडाला पट्टीही लावायचो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डाव्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते पोर तीव्र कुपोषित, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. साडेबाराच्या खाली असेल तरी लक्ष ठेवायचं. तुझ्या लेकीचा मोजून बघ, पण माझा अंदाज आहे की चांगला वर येईल.

आता एक आठवण, कारण सगळ्यांना 'काही नाही, बारीकच आहे' म्हणून सोडून द्यावं असा अर्थ कोणी काढू नये. एका पाड्यावर अडीच वर्षांचा पोरगा होता. वजन दहा किलो, त्या गावात त्याहून हलकी दहा पोरं होती, त्यामुळे कोणाचं लक्ष नव्हतं. सेविकेची वही चाळताना दिसलं की सलग चार महिने १०, १०, १०, ९.८. दिसायला चांगला, पण रेघ आडवी. आई म्हणे, जेवतो कमी, नखरे करतो. घरी गेले तर ओसरीवर आजोबा खोकत बसलेले. आजोबांना टीबी निघाला, मग पोरालाही. औषधं सुरू झाल्यावर दोन महिन्यांत त्याचे 'नखरे' गेले. लहान पोरांना कधीकधी खोकला नसतोही, फक्त वाढ थांबते आणि संध्याकाळी अंग कोमट लागतं.

तेव्हापासून मी सेविकांना सांगायचे, हलकं पोर दिसलं तर वही बघा, आडवी रेघ दिसली तर घर बघा.

---

रानजाई | ७ जून, रात्री ९:५०

मोजली. ९१.२ आणि ९०.९. नवऱ्याने गुडघे धरले, सासऱ्यांनी हनुवटी, खोकं मी. जिराफाने आमचे चार सेंटिमीटर खाल्ले होते!

दंड १४.३.

म्हणजे वर्षात आठच्या आसपास वाढली ना? मी हे जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "उंचीचं काय घेऊन बसलीस, फासळ्या दिसतात ना?"

---

ओपीडीनंतर | ७ जून, रात्री ११:१५

हो, बारा महिन्यांत आठ. तिसऱ्या वर्षात सात-आठ सेंमी ही अगदी अपेक्षित वाढ आहे. उंचीही तिसऱ्या-पंधराव्याच्या मधेच पडते, वजनाच्याच शेजारी. आकाराने लहान, पण प्रमाणबद्ध मुलगी आहे.

खाणं कमी पडतं तेव्हा आधी वजन घसरतं, काही महिन्यांनी उंची मंदावते. त्यामुळे उंची वेगाने वाढतेय याचा अर्थ शरीराला वाढण्याइतकं अन्न पोचतंय, वरणभात-केळ्यातून का होईना. फासळ्या या वयात बहुतेक चळवळ्या मुलांच्या दिसतात.

मला चार वेळच्या दुधाची मात्र काळजी आहे. किती मिली होतं? आणि डोळ्याची खालची पापणी खाली ओढून बघा, गुलाबी आहे की फिकट? माती, खडू, भिंतीचा चुना खाते का?

---

रानजाई | ८ जून, सकाळी ८:००

दोनशेचा मग, चार वेळा. रात्री झोपताना आणि पहाटे बाटलीतून. खडू... शाळेतल्या बाईंनी गेल्याच आठवड्यात सांगितलं की खडू चाटते. मी म्हटलं, सगळीच मुलं चाटतात.

---

ओपीडीनंतर | ८ जून, रात्री १०:४०

८०० मिली दूध म्हणजे तिच्या दिवसभराच्या उष्मांकाचा जवळपास निम्मा भाग. तिला भूक लागायला जागाच उरत नाही. ती 'खात नाही' असं नाही, ती पिऊन मोकळी होते. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि जेवणातलं लोह शोषायलाही दूध आड येतं. लोह कमी झालं की खडू-माती खावीशी वाटते आणि भूक आणखी मंदावते, मग घरचे म्हणतात, निदान दूध तरी पिऊ दे. हे चक्र मी आठवड्याला चार-पाच घरांत बघतो.

तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन करून घ्या. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. दूध एका दिवसात बंद करू नका. आधी पहाटेचं काढा, मग रात्रीची बाटली जाऊ द्या. दोन-तीन आठवड्यांत दिवसाला ४०० च्या आत आणा, तेही मगातून आणि जेवणानंतर. पहिले चार दिवस रडारड होईल आणि वजन शंभर-दोनशे ग्रॅम उतरेलही. काट्यावर चढवू नका.

जेवण अर्ध्या तासात आटपायचं, खाल्लं नाही तर ताट उचलायचं. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी, मध्ये पाणी सोडून काही नाही. काय आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू द्या.

प्रोटीनपंत, दुधात पावडर म्हणजे भरलेल्या पोटात आणखी भर. लहान मुलांच्या बहुतेक पावडरींत साखर पुष्कळ असते. भाच्याचं किलोभर वाढलं ते कशाने वाढलं, ते मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही.

---

प्रोटीनपंत | ८ जून, रात्री ११:०५

ठीक. पण ते भुकेचं सिरप असतं ना, ते तरी? आमच्या डॉक्टरांनीच दिलं होतं.

---

ओपीडीनंतर | ९ जून, रात्री १२:१०

सायप्रोहेप्टाडिन म्हणताय. ते मूळचं ॲलर्जीचं औषध, भूक वाढवणं हा त्याचा दुष्परिणाम. काही आजारी मुलांत आम्ही विचार करून वापरतो. पण निरोगी, हलक्या मुलाला दिलं तर झोपाळूपणा येतो, आणि बंद केलं की बऱ्याचदा भूक पुन्हा मूळपदावर येते. माझे काही सहकारी याबाबत माझ्याइतके कडक नाहीत, हेही खरं.

---

मेघमल्हार | ९ जून, दुपारी १२:४५

माझा मुलगा चार वर्षांचा. वजन-उंची दोन्ही मधल्या रेषेवर, म्हणून तीन डॉक्टरांनी परत पाठवलं. पण तो फक्त सहा गोष्टी खातो आणि त्या एकाच ब्रँडच्या. दोन वर्षांचा असताना वीस-पंचवीस गोष्टी खायचा, एकेक सुटत गेली. परवा बिस्किटाचा पुडा बदलला तर तेही सुटलं. शेजारच्या ताटात भाजी दिसली तरी उमासे येतात. रानजाईंच्या लेकीसारखंच आहे का हे?

---

ओपीडीनंतर | ९ जून, रात्री ११:३०

नाही, हे वेगळं वाटतंय. नखरेल मुलाची यादी छोटी असते, पण टिकून राहते आणि सावकाश वाढते. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर एखादी गोष्ट चाटून तरी बघतं. तुमच्या मुलाची यादी आकसतेय. अशा वेळी तक्ता चांगला असला तरी त्यावर विसंबून राहू नका, सहा गोष्टींवरही मूल मधल्या रेषेवर राहू शकतं. विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ आणि खाण्यावर काम करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, दोघांना दाखवा. बोलणं, नजर, आवाजाचा त्रास याबद्दलही ते विचारतील.

---

मेघमल्हार | १० जून, सकाळी ९:१५

आवाजाचा त्रास आहे. मिक्सर लावला की कान झाकतो. हे दोन्ही एकत्र कधी बघितलंच नव्हतं. वेळ घेते.

---

सुहास_७९ | १४ जून, रात्री १०:२०

मंगलमावशी, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. बायकोने फाइल काढली. तीन वर्षांचा असताना ९५, चारला १००.५, पाचला १०४. आज खोकं लावून मोजला, १०५. वर्गात रांगेत पहिला उभा असतो, आम्हाला कौतुक वाटायचं.

---

मंगलमावशी | १४ जून, रात्री १०:५०

सुहास, हा खरा घसरलेला पोरगा आहे. साडेपाच, साडेतीन आणि गेल्या सहा महिन्यांत जेमतेम एक. पहिल्या तीन वर्षांत मधल्या रेषेजवळ होता, आता तिसरीच्या जवळ आलाय. आमच्या वहीत तो कधीच सापडला नसता, कारण आम्ही वजन बघायचो आणि वजन छान होतं.

---

ओपीडीनंतर | १४ जून, रात्री ११:५५

मावशींशी पूर्ण सहमत. सुहास, चार वर्षांनंतर वर्षाला पाच सेंमीहून कमी वाढ झाली तर मी शोध घेतो. तुमच्याकडे चित्र रानजाईंच्या उलट आहे. वजन मधल्या रेषेवर आणि उंची खाली. अन्न कमी पडलं असतं तर आधी वजन गेलं असतं. वजन टिकून किंवा वाढून उंची थांबते तेव्हा हार्मोनचा विचार करावा लागतो, आणि सगळ्यात आधी थायरॉइडचा. बद्धकोष्ठता आहे? थंडी जास्त वाजते? त्वचा कोरडी? शाळेत मंद, 'शांत' म्हणतात?

---

सुहास_७९ | १५ जून, सकाळी ६:३०

चारही. मे महिन्यात पांघरूण घेऊन झोपतो. बाई म्हणतात, किती गुणी मुलगा, एका जागी बसतो.

---

ओपीडीनंतर | १५ जून, सकाळी ७:४५

याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडसाठी टीएसएच, फ्री टीफोर, आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे हाडांचं वय बघायला. इतर तपासण्या ते तपासून ठरवतील. थांबू नका.

---

अप्पा_वाईकर | १५ जून, सकाळी ९:३०

मी गुटगुटीत पोर बघून दृष्ट काढा म्हणणार होतो. बरं झालं लिहिलं नाही.

---

सुहास_७९ | २६ जून, रात्री ८:४०

टीएसएच शंभरच्या वर. हाडांचं वय साडेतीन वर्षांचं आलं. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी सुरू केली, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. डॉक्टर म्हणाले, हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला जागा शिल्लक आहे. गेलेली सगळी उंची भरून निघेल का, हे मात्र आत्ताच सांगत नाहीत.

रानजाई, शिस्तीचं बोललो होतो त्याबद्दल माफी मागतो.

---

रानजाई | १२ सप्टेंबर, रात्री १०:१०

धागा वर काढतेय. लेकीचं हिमोग्लोबिन ९.६ आलं होतं. लोहाचं औषध सुरू आहे, लिंबूसरबताबरोबर देते, दुधाबरोबर नाही. शी काळी होते, पहिल्यांदा बघून घाबरलेच होते. आता हिमोग्लोबिन ११.४, तरी डॉक्टरांनी आणखी दोन महिने द्यायला सांगितलंय, साठा भरायला.

दूध ३५० वर आलंय. पहिला आठवडा भयंकर गेला, शेजाऱ्यांनी बेल वाजवली. आता दुपारी स्वतःहून 'भूक' म्हणते. खडू सुटला. मोबाइल दुपारी बंद आहे, रात्री सासूबाईंच्या राज्यात चालू आहे. त्यावर माझा इलाज नाही. यादीत तीन गोष्टी वाढल्या: थालीपीठ, उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग, मटकीची उसळ (फक्त मटकी, रस नाही).

वजन ११.९, उंची ९२.६. डॉक्टर म्हणाले, त्याच पट्ट्यात आहे, असंच हवं. शाळेच्या नव्या कागदावर पुन्हा लाल पेनाने 'कमी वजन' आलंय. या वेळी मी मागे वजन-उंचीचे सगळे ठिपके लिहून परत पाठवलाय.

सुहास, गोळी सुरू होऊन अडीच महिने झाले ना? कसं आहे?

---

सुहास_७९ | १२ सप्टेंबर, रात्री ११:२५

टीएसएच खाली आलं. सेंटिमीटरचं मावशींनी सहा महिने मोजू नका सांगितलंय, म्हणून मोजलेलं नाही. पण बाईंची चिठ्ठी आली, वर्गात फार बोलतो. आणि काल रात्री बायको पँटची दुमड उसवत होती.